शंभर रुपयांची वाटणी : स्थिर बेरजेच्या प्रश्नाची उत्तरे कशी वाचावीत

एखाद्या शिक्षणसंस्थेने माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विचारले, "ग्रंथालय आपणांस महत्त्वाचे वाटते का?" तर जवळजवळ प्रत्येक जण "होय, अत्यंत महत्त्वाचे" असे उत्तर देतो. वसतिगृहाची दुरुस्ती, शिष्यवृत्ती आणि क्रीडांगण यांविषयी विचारले तरी उत्तर तेच येते. कोणीही खोटे बोलत नसते. या सर्व गोष्टी खरोखरच महत्त्वाच्या असतात. मात्र सर्वच गोष्टी सारख्या महत्त्वाच्या ठरल्या, तर निधी मर्यादित असणाऱ्या कार्यकारिणीच्या हाती निर्णयासाठी काहीच उरत नाही.

यावर उपाय म्हणून प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला जातो : "संस्थेकडे १०० रुपये आहेत असे समजा. ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि क्रीडांगण या चार कामांवर ते कसे वाटाल? एकूण बेरीज १०० झाली पाहिजे." याला स्थिर बेरजेचा प्रश्न म्हणतात. १९४७ मध्ये मिल्टन मेटफेसेल या मानसशास्त्रज्ञाने तौलनिक मते संख्येत नोंदवण्यासाठी १०० गुण वाटून देण्याची पद्धत सुचवली. पुढे बाजारपेठांच्या पाहण्यांत आणि सार्वजनिक खर्चाविषयीच्या लोकमत-चाचण्यांत ती रुळली. या प्रश्नात उत्तरदात्याला एका कामाला अधिक द्यायचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागते. त्यामुळे आवड तर कळतेच, शिवाय त्या आवडीसाठी तो कशावर पाणी सोडायला तयार आहे हेही कळते.

या प्रश्नाचे बळ त्या ठरीव बेरजेत आहे आणि त्याच्या विश्लेषणातील बहुतेक अडचणीही त्याच बेरजेतून निर्माण होतात. चार आकडे दिसत असले तरी ते चार स्वतंत्र आकडे नसतात. तीन ठरले की चौथा आपोआप ठरतो. हे ध्यानात न घेता नेहमीच्या पद्धतीने सरासरी काढली, तुलना केली, संबंध शोधले, तर आकडेमोड अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. तो कसा चुकतो आणि कसा टाळता येतो, हे वरील चार कामांच्याच काल्पनिक उदाहरणाने पाहू.

बेरीज जुळत नाही तेव्हा

पहिली अडचण अर्ज गोळा होताच समोर येते. संगणकावर प्रश्नावली भरताना बेरीज १०० झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी व्यवस्था करता येते. कागदी अर्जावर तशी सोय नसते आणि काही अर्जांची बेरीज चुकलेली निघते. अशा अर्जांकडे एकाच नजरेने पाहू नये, कारण चुकांचे प्रकार भिन्न असतात.

समजा एका अर्जात ३०, ३०, २० आणि १५ असे आकडे आहेत. बेरीज ९५ होते. ही साधी बेरजेची चूक आहे. प्रत्येक आकड्याला ९५ ने भागून १०० ने गुणले की वाटणी १०० वर येते आणि उत्तरदात्याच्या मनातील प्रमाण कायम राहते. दुसऱ्या अर्जात ९०, ९०, ८० आणि ६० असे आकडे आहेत. बेरीज ३२० होते. या व्यक्तीने वाटणी केलेलीच नाही. परीक्षेत द्यावेत तसे प्रत्येक कामाला १०० पैकी गुण दिले आहेत. हेही आकडे वरच्याच रीतीने १०० वर आणता येतात. मग २८, २८, २५ आणि १९ अशी नीटनेटकी वाटणी दिसू लागते. पण ती त्या व्यक्तीने कधी केलीच नव्हती. पहिल्या अर्जात सुधारणा झाली, तर दुसऱ्यात आपण उत्तर निर्माण केले.

रिकाम्या जागांचेही असेच आहे. एका अर्जात दोन कामांपुढे ५० आणि ५० लिहून उरलेल्या दोन जागा कोऱ्या सोडल्या असतील, तर बेरीज पूर्ण झाली असल्याने कोरी जागा म्हणजे शून्य असे मानता येते. पण ४० आणि ४० लिहून दोन जागा कोऱ्या असतील, तर उरलेले २० कुणाचे हे आपल्याला सांगता येत नाही. कोरी जागा आणि लिहिलेले शून्य यांची नोंद म्हणूनच वेगळी ठेवावी.

"बेरीज चुकली, अर्ज बाद" हा मार्ग सोपा आणि निःपक्ष वाटतो. तो निःपक्ष नाही. चार आकड्यांची बेरीज मनात सांभाळत त्यांची मांडणी करणे हे लेखन-हिशेबाची सवय असलेल्यांना सहज जमते. ज्यांना शाळेची पायरी फार चढता आली नाही, त्यांना जड जाते. असे अर्ज सरसकट वगळले, तर नेमके ज्या पालकांचे मत ऐकायला हवे त्यांचाच आवाज गाळला जाण्याचा धोका असतो, आणि अहवालात ते कुठे दिसतही नाही. किती अर्ज बाद झाले, ते कोणत्या गटातील होते, हे मोजणे ही म्हणून विश्लेषणाची पहिली पायरी होय.

यावर एक उत्तम उपाय ग्रामीण भागातील सहभागी पाहण्यांत पूर्वीपासून वापरला जातो. उत्तरदात्याच्या हाती खडे किंवा बिया द्यायच्या आणि चित्रे काढलेल्या चौकोनांत त्यांचे ढीग करायला सांगायचे. आपल्याकडे २० चिंचोके घेतले तर प्रत्येक चिंचोका १०० पैकी ५ रुपयांचा होतो. बेरीज चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. एका ढिगातला चिंचोका उचलून दुसऱ्यात टाकताना वाटणीचा अर्थही हाताला कळतो. या पद्धतीत ५ पेक्षा लहान फरक नोंदवता येत नाही. पण त्याने फारसे बिघडत नाही, कारण कागदावरही बहुतेक लोक ५ किंवा १० च्या पटीतच आकडे लिहितात.

सरासरी नेमके काय सांगते

आता समजा दहा अर्ज नीट भरलेले मिळाले.

| अर्ज | ग्रंथालय | वसतिगृह | शिष्यवृत्ती | क्रीडांगण |
|---|---|---|---|---|
| १ | २५ | ४५ | २५ | ५ |
| २ | २० | ५० | २५ | ५ |
| ३ | ३० | ४० | २५ | ५ |
| ४ | २५ | ४० | ३० | ५ |
| ५ | २० | ४५ | ३० | ५ |
| ६ | ३० | ३५ | ३० | ५ |
| ७ | २५ | ५० | २० | ५ |
| ८ | २५ | ५५ | १५ | ५ |
| ९ | ५ | १० | ५ | ८० |
| १० | ५ | १० | ५ | ८० |

प्रत्येक स्तंभाची सरासरी काढली तर ग्रंथालय २१, वसतिगृह ३८, शिष्यवृत्ती २१ आणि क्रीडांगण २० असे आकडे येतात. अहवालात लिहिले जाईल की, "क्रीडांगणाला ग्रंथालयाइतकेच प्राधान्य आहे." तक्ता पुन्हा पाहा. दहापैकी आठ जणांनी क्रीडांगणाला केवळ ५ रुपये दिले आहेत आणि २० च्या आसपासचा आकडा तर एकानेही दिलेला नाही. सरासरीने जी व्यक्ती उभी केली, ती या दहा जणांत कोठेच नाही.

येथे सहज सुचणारा मार्ग म्हणजे मध्यक घेणे. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचलणे. दहा अर्जांचे मध्यक ग्रंथालय २५, वसतिगृह ४२.५, शिष्यवृत्ती २५ आणि क्रीडांगण ५ असे येतात. क्रीडांगणाचे चित्र आता वास्तवाजवळ आले. परंतु या चार आकड्यांची बेरीज ९७.५ होते. प्रत्येक स्तंभाचा मध्यक स्वतंत्रपणे काढल्याने वाटणीची मूळ अटच मोडली. अडीच रुपये कुठे गेले, याचे उत्तर कोणाकडे नाही.

मग बरोबर काय? ते आपण कोणता प्रश्न विचारतो यावर अवलंबून आहे. दहा जणांचे प्रत्येकी १०० रुपये खरोखर एका पेटीत जमा झाले आणि प्रत्येकाच्या इच्छेप्रमाणे खर्च झाले, तर क्रीडांगणाला १००० पैकी २०० मिळतील. या अर्थाने २० हा आकडा खरा आहे. प्रत्येक रुपयाला समान मान असावा असे ज्यांना वाटते, त्यांनी सरासरीच घ्यावी. पण "सर्वसाधारण उत्तरदाता या कामांचे परस्पर प्रमाण कसे ठरवतो?" असा प्रश्न असेल, तर सरासरी त्याचे उत्तर देत नाही. शिवाय सरासरी धोरणी उत्तराला बळ देते. आपल्या आवडीच्या कामाला सर्वच्या सर्व १०० देणारा माणूस सरासरी आपल्याकडे जितकी ओढू शकतो, तितकी समतोल वाटणी करणारा ओढू शकत नाही. म्हणून सरासरीच्या शेजारी आकड्यांचा विखुर दाखवणे आवश्यक असते. वरच्या तक्त्यात खरी बातमी "२०" ही नव्हे. क्रीडांगणाबाबत दोन वेगवेगळे गट आहेत, ही ती बातमी होय.

एक वाढला की बाकीचे घटतात

याहून खोल अडचण तुलनेत आहे. समजा एका पालकाने गेल्या वर्षी ग्रंथालय ३०, वसतिगृह २०, शिष्यवृत्ती ३० आणि क्रीडांगण २० अशी वाटणी केली होती. पावसाळ्यात वसतिगृहाचे छप्पर गळू लागले. या वर्षी त्याच पालकाने ग्रंथालय १५, वसतिगृह ६०, शिष्यवृत्ती १५ आणि क्रीडांगण १० अशी वाटणी केली.

स्तंभ एकेक करून वाचणारा म्हणेल की चारही बाबतींत मत बदलले : वसतिगृहाचे महत्त्व तिप्पट झाले आणि ग्रंथालय, शिष्यवृत्ती, क्रीडांगण या तिघांचे महत्त्व निम्म्यावर आले. प्रत्यक्षात बदल एकच झाला आहे. वसतिगृहाची निकड वाढली, उरले फक्त ४० रुपये, आणि ते त्याने पूर्वीच्याच प्रमाणात वाटले. ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती पूर्वीही सारखी होती, आजही सारखी आहेत. क्रीडांगण पूर्वी ग्रंथालयाच्या दोन तृतीयांश होते, आजही तितकेच आहे. "पालकांचा वाचनावरील विश्वास घटला" असा निष्कर्ष काढून कार्यकारिणीने पुस्तकखरेदी थांबवली, तर तो निर्णय पालकांच्या मतावर नव्हे, बेरजेच्या बंधनावर आधारलेला असेल.

सहसंबंध शोधतानाही हेच घडते. दोनच कामे असतील तर एकाला जे मिळते ते दुसऱ्याचे जाते. त्यांतील सहसंबंध नेहमी उणे एक येणारच. चार कामे असतील आणि चारही आकड्यांचा विखुर सारखा असेल, तर त्यांच्यातील सहसंबंधांची सरासरी उणे एक तृतीयांश येते. लोकांच्या मनात या कामांचा एकमेकांशी काहीही विरोध नसला तरी ती तितकीच येते. म्हणजे "ग्रंथालयाला जास्त देणारे लोक शिष्यवृत्तीला कमी देतात" हे विधान लोकांविषयी काही सांगते की केवळ १०० या आकड्याविषयी, हे नुसत्या सहसंबंधावरून ठरवता येत नाही.

हा संबंध किती तकलादू असतो, ते तीन अर्जांत पाहता येते. पहिल्याने ग्रंथालयाला १०, शिष्यवृत्तीला २० आणि इतर कामांना ७० दिले. दुसऱ्याने २०, २५ आणि ५५ दिले. तिसऱ्याने ३०, ३० आणि ४० दिले. ग्रंथालयाचा आकडा १०, २०, ३० असा वाढतो आणि शिष्यवृत्तीचाही २०, २५, ३० असा वाढतो. दोघे हातात हात घालून चालतात. आता कोणी म्हणाले, "इतर कामे वगळू, फक्त शैक्षणिक कामांचाच विचार करू," आणि उरलेल्या दोघांची बेरीज पुन्हा १०० केली, तर ग्रंथालय ३३, ४४, ५० असे वाढते आणि शिष्यवृत्ती ६७, ५६, ५० अशी घटते. माणसे तीच आहेत आणि त्यांची मतेही तीच आहेत. तरीही मैत्रीचे वैर झाले, कारण आपण एक स्तंभ वगळला.

गुणोत्तरांची वाट

ही अडचण जुनी आहे. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच दाखवून दिले होते की एकाच सामाईक संख्येने भागलेल्या राशींमध्ये नसलेला सहसंबंध दिसू लागतो. पुढे खडकांतील खनिजांचे शेकडा प्रमाण अभ्यासणाऱ्या भूशास्त्रज्ञांनाही याच पेचाने गाठले, कारण त्यांच्याही आकड्यांची बेरीज १०० च असते. त्यावरची सुसंगत पद्धत जॉन एचिसन या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञाने १९८२ च्या शोधनिबंधात आणि १९८६ च्या ग्रंथात मांडली.

एचिसन यांचा मूळ विचार वरच्या उदाहरणांतच दडलेला आहे. ज्या आकड्यांची बेरीज ठरलेली असते, त्यांच्यात एकट्या आकड्याला अर्थ नसतो; अर्थ असतो तो दोन आकड्यांच्या गुणोत्तराला. छप्पर गळाल्यानंतर ग्रंथालयाचा आकडा ३० वरून १५ वर आला, पण ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती यांचे गुणोत्तर एकास एकच राहिले. तीन अर्जांच्या उदाहरणातही ग्रंथालयाचे शिष्यवृत्तीशी गुणोत्तर तिघांसाठी अनुक्रमे ०.५, ०.८ आणि १ आहे. इतर कामे ठेवली काय अन् वगळली काय, ते बदलत नाही. जे स्तंभ वगळल्याने बदलत नाही, तेच उत्तरदात्याचे खरे मत मानायला आधार आहे.

म्हणून या पद्धतीत शेकडा आकड्यांऐवजी त्यांच्या गुणोत्तरांचे लॉगरिथम घेऊन पुढील विश्लेषण करतात. लॉगरिथम घेण्याचे कारण सरळ आहे. गुणोत्तरात दुप्पट म्हणजे २ आणि निमपट म्हणजे ०.५, हे दोन्ही एकापासून सारख्या अंतरावर दिसत नाहीत. लॉगरिथम घेतला की दुप्पट आणि निमपट शून्याच्या दोन बाजूंना समान अंतरावर येतात, आणि नेहमीच्या सरासरीच्या, तुलनेच्या पद्धती सुरक्षितपणे वापरता येतात.

लॉगरिथमची सरासरी काढून पुन्हा मूळ आकड्यांत आणणे म्हणजेच शाळेत शिकलेला भूमितीय मध्य काढणे होय. दहा अर्जांच्या तक्त्यात प्रत्येक स्तंभातील दहा आकड्यांचा गुणाकार करून त्याचे दहावे मूळ घेतले, तर ग्रंथालय सुमारे १८.०, वसतिगृह ३३.१, शिष्यवृत्ती १७.८ आणि क्रीडांगण ८.७ असे आकडे मिळतात. त्यांची बेरीज सुमारे ७७.५ होते. प्रत्येकाला तिने भागून १०० ने गुणले की २३, ४३, २३ आणि ११ अशी वाटणी येते. बेरीज १०० आहे आणि चारही कामांचे परस्पर प्रमाण सर्वसाधारण उत्तरदात्याच्या जवळचे आहे. क्रीडांगण २० वरून ११ वर आले; आठ जणांच्या ५ चे वजन आता दिसते आणि दोघांच्या ८० चेही अस्तित्व पुसले गेलेले नाही.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. गट दोन असतील तर भूमितीय मध्यही त्या दोहोंच्या मधलाच एक आकडा देतो. दोन गटांचे मत वेगळे आहे, हे कोणतेही एक मध्य सांगू शकत नाही. त्यासाठी मूळ अर्ज पाहावेच लागतात.

शून्याचा प्रश्न

गुणोत्तरांच्या या वाटेवर एक मोठा अडथळा आहे. शून्याचा लॉगरिथम निघत नाही आणि एक जरी शून्य असले तरी दहा आकड्यांचा गुणाकार शून्य होतो. स्थिर बेरजेच्या प्रश्नात तर शून्ये हमखास येतात. कामांची यादी जितकी लांब, तितकी अधिक.

प्रचलित उपाय म्हणजे शून्याच्या जागी लहानसा आकडा घालणे. पण किती लहान? समजा आपल्या तक्त्यातील आठ जणांनी क्रीडांगणाला ५ ऐवजी शून्य दिले होते. शून्याच्या जागी १ घातले तर क्रीडांगणाचा भूमितीय मध्य, १०० च्या प्रमाणात आणण्यापूर्वी, सुमारे २.४ येतो. ०.१ घातले तर तो ०.४ च्याही खाली जातो. उत्तरदात्यांचे मत जराही बदलले नाही. विश्लेषकाने निवडलेल्या आकड्याने उत्तर सहा पटींनी बदलले.

म्हणून आधी शून्याचा अर्थ विचारावा. लोक ५ च्या पटीत लिहीत असतील, तर मनात १ किंवा २ रुपये असणाराही शून्यच लिहितो. हे शून्य गोळाबेरजेचे असते. अडीचपेक्षा लहान असा १ सारखा आकडा तेथे घालून उरलेले ९९ इतर कामांत मूळ प्रमाणातच ठेवले, तर ते समर्थनीय ठरते. पण "या कामावर संस्थेने खर्च करूच नये" असे ज्याचे मत आहे, त्याचे शून्य खरे शून्य असते. त्याच्या तोंडी १ रुपया घालणे म्हणजे त्याचे मत बदलणे होय. अशी शून्ये बरीच असतील, तर विश्लेषण दोन टप्प्यांत करावे. पहिल्या टप्प्यात, किती जणांनी त्या कामाला काहीतरी दिले हे मोजावे. दुसऱ्या टप्प्यात, ज्यांनी दिले त्यांनी इतर कामांच्या तुलनेत किती दिले हे पाहावे. "दहापैकी दोघांनीच दिले, पण दिले ते भरभरून" हे वाक्य कोणत्याही एका सरासरीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. आणि शून्याच्या जागी आकडा घातलाच, तर दोन-तीन वेगवेगळे आकडे घालून निष्कर्ष टिकतो का, हे तपासावे.

यादीच उत्तर घडवते

शेवटची अडचण विश्लेषणाने सुटत नाही. ती प्रश्न लिहितानाच सोडवावी लागते. समोर चार कामे ठेवली की अनेक जण नकळत २५-२५-२५-२५ पासून सुरुवात करतात आणि तेथून थोडे इकडेतिकडे सरकतात. आता "वसतिगृह" हे एक काम काढून "पिण्याचे पाणी", "स्वच्छतागृहे" आणि "छपराची दुरुस्ती" अशी तीन कामे लिहिली, तर सुरुवातीचा समान वाटा सहाव्या हिश्शावर येतो आणि वसतिगृहाच्या तीन तुकड्यांना मिळून जवळजवळ निम्मा निधी मिळण्याची शक्यता निर्माण होते. अर्थतज्ज्ञ श्लोमो बेनार्ट्झी आणि रिचर्ड थेलर यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील निवृत्तिवेतन योजनांच्या अभ्यासात हीच प्रवृत्ती दाखवली. यादीत समभागांचे पर्याय जितके अधिक, तितका कर्मचाऱ्यांचा पैसा समभागांकडे अधिक वळत होता.

याचा अर्थ असा की स्थिर बेरजेच्या प्रश्नातील कोणताही शेकडा आकडा त्या यादीपुरताच खरा असतो. गेल्या वर्षी चार कामांची यादी होती आणि या वर्षी सहा कामांची केली, तर दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत; दोन्ही याद्यांत असलेल्या कामांची परस्पर गुणोत्तरे तेवढी सावधपणे ताडून पाहता येतात. कामे शक्यतो सारख्या व्याप्तीची असावीत, संख्या पाच-सहांच्या पुढे नेऊ नये, आणि निम्म्या अर्जांत क्रम उलटा द्यावा, म्हणजे वरच्या ओळीला मिळणारा अनाठायी लाभ कळून येतो. सर्वांना समान देणारे अर्ज वेगळे मोजावेत. त्यांतील काही विचारपूर्वक दिलेले असतील, काही कंटाळून, आकड्यांवरून ते ओळखता येत नाही, म्हणून "असे का वाटले?" ही एक ओळ अर्जात असावी.

अहवालात काय लिहावे

असा अहवाल वाचणाऱ्या सभासदाने पाच गोष्टी शोधाव्यात. किती अर्ज आले, किती बाद झाले आणि ते कोणाचे होते? बेरीज न जुळणाऱ्या अर्जांचे काय केले? सरासरी कोणती घेतली आणि तिच्याबरोबर आकड्यांचा विखुर दाखवला आहे का? शून्ये किती होती आणि त्यांना काय मानले? कामांची यादी कोणी आणि कशी तयार केली?

या पाच प्रश्नांची उत्तरे अहवालात असतील, तर "क्रीडांगण २० टक्के" या ओळीमागे आठ जणांचे ५ आणि दोघांचे ८० आहेत, हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला दिसेल. मग दोघांचे म्हणणे ऐकून घ्यायचे की आठ जणांच्या वाटणीने जायचे, यावर सभा बोलू शकेल. तो निर्णय सभेचाच आहे. आकड्याने तो परस्पर घेऊन टाकू नये, एवढीच दक्षता विश्लेषकाने घ्यायची असते.